पोशाख बदलला तरी पात्र तेच कसं राहील?

प्रश्न: आम्ही तिघे मिळून पुण्यात एक छोटा गेम करतोय. मुख्य पात्र म्हणजे एक मुलगी, तिचं उभं चित्र पक्कं झालंय. आता तिला दोन पर्यायी पोशाख हवेत, एक फँटसी आणि एक सायफाय. चेहरा मी मूळ चित्रातून जसाच्या तसा कॉपी करून ठेवतो, पायही हलवत नाही. तरी बाकीचे दोघे म्हणतात, "ही ती वाटत नाही, आणि ताठ उभी आहे." चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमच्या जोडीदारांचं बरोबर असणार, आणि चेहऱ्याचे पिक्सेल तेच आहेत हे तुमचंही बरोबर असणार. माणूस ओळखताना डोळे-नाक-ओठ जेवढे कामी येतात, तेवढीच चेहऱ्याची किनार कामी येते: केस कपाळावर कुठे सुरू होतात, जबड्याचा कोन कुठे वळतो, मान किती दिसते, खांद्यांच्या मानाने डोकं केवढं. नवा पोशाख नेमका याच किनारीवर चढतो. पवित्र्याचंही तसंच आहे. पाय जागेवर असले तरी शरीराचा बाक ज्या खुणांवरून कळतो, त्या खुणा कपड्याखाली गेल्या की बघणाऱ्याला बाहुली दिसते. म्हणजे दुरुस्ती चेहऱ्यात किंवा पायांत करायची नाहीये, पोशाखात करायची आहे.

बरंच काही तुमच्या चित्रावर अवलंबून आहे आणि ते माझ्यासमोर नाही. म्हणून मी एक नेहमीची मांडणी धरतो: भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, डावा हात कमरेवर, उजव्या हातात काठी. उजवं-डावं म्हणजे तिचं उजवं-डावं. तुमची मुलगी उलट उभी असेल तर सगळं आरशातून वाचा. मोजमापासाठी उंची १९५० पिक्सेल आणि डोकं २६० पिक्सेल धरू, म्हणजे ती साडेसात डोकी उंच आहे. मूळ चित्र हाताने रंगवलेलं आहे की थ्रीडी रेंडर, यानेही फरक पडतो. त्याकडे शेवटी येतो.

आधी चेहरा कुलूपबंद कसा करायचा ते बघू, कारण "कॉपी करून ठेवतो" यातही एक गोम आहे. बहुतेक जण फक्त मुखवट्याएवढा भाग कापतात, भुवयांपासून हनुवटीपर्यंत. मी कापतो ते बेट मोठं असतं: केसांची सुरुवात आणि तिच्या मागचे २०-३० पिक्सेल केस, दोन्ही कान, जबडा आणि अर्धी मान. हे बेट सगळ्यात वरच्या थरावर ठेवायचं, थराला कुलूप लावायचं आणि पोशाखाचे सगळे थर त्याच्या खाली. जबड्यापाशी कड धारदार ठेवा. मानेखाली आठ-दहा पिक्सेल विरळ चालेल, कारण तिथे कॉलर येऊन मिळणार आहे. या बेटावर चढणारी कुठलीही कल्पना, म्हणजे शिरस्त्राणाची कड, हनुवटीपर्यंतची कॉलर, कपाळावरची पट्टी, आपोआप मागे ढकलली जाते आणि तुम्हाला तिचा वेगळा विचार करावा लागतो. हाच त्या कुलपाचा उपयोग.

चेहरा खरंच तसाच राहिलाय का, हे डोळ्यांनी ठरवू नका. मूळ चित्राची एक प्रत सगळ्यात वर ठेवा आणि तिचा ब्लेंड मोड `Difference` करा. क्रिटा आणि फोटोशॉप, दोन्हींत हा याच नावाने आहे. जिथे काहीच बदललं नाही तिथे निव्वळ काळं दिसतं. चेहऱ्याच्या जागी करडी बाह्यरेषा दिसली, तर थर एखाद्या पिक्सेलने सरकलाय किंवा कधीतरी लहान करून पुन्हा मोठा केलाय. पूर्ण चेहराच मंद रंगात दिसला, तर वर कुठेतरी रंग बदलणारा थर राहिलाय. सायफाय चित्रात शेवटी सगळ्यावर निळसर झाक टाकायची सवय असते, ती इथे पकडली जाते. फरक फार फिका असेल तर वर `Levels` लावून उजेड ताणा. आणि मूळ चित्र PNG असू द्या. जेपीजी पुन्हा पुन्हा साठवलं असेल तर सगळीकडे पुरळ दिसेल आणि तपासणीला अर्थ राहणार नाही.

आता किनारीकडे. पहिला नियम केसांचा. कपाळावरची केसांची रेषा झाकली की कपाळ केवढं आहे ते कळत नाही, आणि कपाळ कळलं नाही की चेहऱ्याची लांबी डोळा स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. म्हणून टोप, मुकुट, हेडसेट, काहीही असो, ते केसांच्या रेषेच्या मागे बसवा. निदान एका बाजूची रेषा कानापर्यंत उघडी राहिली पाहिजे. टोपाला पुढे झाप असेल तर दुसरीच अडचण येते: झापेची सावली डोळ्यांवर पडायला हवी, पण चेहरा कुलपात आहे. सावली नसलेली झाप चिकटवलेली वाटते आणि सावली टाकली तर चेहरा बदलतो. अशा वेळी झापच काढून टाकणं शहाणपणाचं.

दुसरा नियम मानेचा. कॉलर अर्ध्या मानेच्या वर नेऊ नका. जबड्याचा कोन आणि कॉलरची कड यांत डोक्याच्या चौथाई उंचीइतकी, म्हणजे साठ-पासष्ट पिक्सेल जागा राहिली तर जबडा स्वच्छ वाचता येतो. मूळ चित्रात मानच तोकडी दिसत असेल तर हा आकडा खाली आणावा लागेल, पण फट हवीच. याचा पुढे खेळातही फायदा होतो. मॉडेल बनल्यावर पात्र मान वळवतं, तेव्हा उंच ताठ कॉलर जबड्यातून आरपार जाते आणि रिग करणारा माणूस तुमच्या नावाने बोटं मोडतो.

तिसरी गोष्ट लोक सगळ्यात कमी बघतात: चेहऱ्याशेजारचा उजेड-अंधार. तिची त्वचा मध्यम उजळ आहे, केस काळे आहेत आणि मूळ गळा गडद मातकट आहे असं धरा. त्या जागी पांढराशुभ्र अंतराळपोशाख आला की तोच चेहरा सावळा आणि लहान दिसतो. पिक्सेल तेच, शेजारी बदलला. तसंच भडक हिरव्याशेजारी त्वचा लालसर वाटते. म्हणून चित्र करड्या रंगात बदलून बघा आणि चेहऱ्याभोवती एक डोकं एवढ्या परिघात मूळचा गडदपणा साधारण तसाच ठेवा. पांढरा सूट हवाच असेल तर कॉलरच्या आतलं अस्तर गडद घ्या. चेहऱ्याला लागून अस्तर येईल, पांढरं त्याच्या पलीकडून सुरू होईल.

आणि डोकं लहान दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे खांदे. मूळ खांदे ४३० पिक्सेल रुंद असतील आणि दोन्हीकडे ९० पिक्सेलचे स्कंधत्राण चढवले, तर रुंदी ६१० होते. २६० चं डोकं २६० चंच राहतं, पण आता ते एखाद्या पहिलवानाच्या धडावर बसलंय. एका बाजूला ३५ पिक्सेलच्या पुढे जायचं असेल तर ती रुंदी खांद्यावर न देता कोपराखाली किंवा नडगीवर द्या. भव्यपणा तोच मिळतो, डोक्याचं माप बिघडत नाही.

आता पवित्रा. कागदावर काही करण्याआधी मूळ चित्रावर वेगळ्या थरात तीन रेषा ओढा. एक खांद्यांची, दोन्ही खांद्यांच्या हाडांना जोडणारी. दुसरी खुब्यांची, कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणारी. तिसरी म्हणजे ओळंबा, गळ्याखालच्या खळीतून सरळ खाली. भार उजव्या पायावर असल्यामुळे उजवा खुबा वर गेलेला असतो, आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. म्हणजे पहिल्या दोन रेषा उजवीकडे जवळ येतात आणि डावीकडे फाकतात. उजवी कूस आवळलेली, डावी ताणलेली. ओळंबा उजव्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. ती सहज उभी आहे असं जे वाटतं ते यातून. दोन रेषांचा तिरपेपणा बहुतेक चित्रांत चार-सहा अंशांचाच असतो, त्यामुळे एखादा ताठ पट्टा किंवा आडवी किनार तो सहज पुसून टाकते. तुमच्या चित्रात बहुधा हेच झालंय: नव्या कपड्याच्या आडव्या रेषा तुम्ही जमिनीला समांतर काढल्यात.

रेषांबरोबर दोन मोकळ्या जागाही नोंदवा. एक म्हणजे कमरेवरच्या हातामुळे कोपर आणि कूस यांच्यात झालेला त्रिकोण, दुसरी दोन पायांमधली फट. पात्र काळ्या आकृतीत बघितलं की उभं राहण्याची ढब या दोन भोकांवरून ओळखू येते. झगा, कोट, लोंबणारा शेला यांनी ती बुजली की पात्र खांब होतं. निम्म्याहून जास्त जागा उघडी राहिली पाहिजे, असं मी धरतो.

म्हणून सुरुवात कापडापासून नको, काळ्या आकृत्यांपासून करा. मूळ आकृती ३०० पिक्सेल उंच करून घ्या आणि तिच्यावर प्रत्येक पोशाखाच्या दहा-बारा आकृत्या फक्त काळ्या रंगात भरा. बाहेर वाढवायला मोकळीक, भोकं बुजवायला बंदी. यात तासाभरात तीन-चार आकृत्या अशा मिळतात की शेजारी मूळ आकृती ठेवली तर दोघी बहिणी वाटतात. त्यांच्यावरच पुढचं काम करा.

आता फँटसी पोशाख घेऊ. तुम्ही पुण्यात आहात तर युरोपी चिलखत आणि झग्याच्या मागे जायची गरज नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस वही घेऊन घालवलात तर शस्त्रं, वस्त्रं आणि दागिन्यांचे हवे तेवढे बारकावे मिळतील. मी इथे नऊवारी, चार-आईना आणि दस्ताना एवढंच घेतो, कारण हे तिन्ही पवित्र्याला धार्जिणे आहेत.

नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, तरी ती पाय झाकून टाकत नाही, कारण काष्टा मागे खोचलेला असतो आणि दोन्ही पाय वेगळे राहतात. पायांमधली फट शाबूत. अडचण कमरेपाशी येते. निऱ्या आणि ओचा यांचा तिथे जाड गठ्ठा होतो आणि खुब्यांची तिरपी रेषा त्याखाली नाहीशी होते. यावर उपाय आपल्याकडे आयता आहे: कमरपट्टा. तो ओच्याच्या वरून, बरोबर खुब्यांच्या रेषेच्या तिरपेपणाने बसवा, उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. एका दागिन्याने झाकलेली रेषा परत मिळते. दंडावरची वाकीही असंच काम करते. ती दंडाला वेढणारा लंबगोल असल्यामुळे हात कॅमेऱ्याकडे झुकलाय की मागे, हे आपोआप सांगते. फक्त लंबगोलाचा फुगवटा योग्य बाजूला हवा. तो उलटा निघाला तर अख्खा हात उलट्या दिशेला वळलेला दिसतो.

चुण्यांचं गणित साधं आहे. कापड जिथे अडकतं किंवा टेकतं तिथून ताण सुरू होतो. सैल डावा गुडघा पुढे आलाय, म्हणजे तिथे कापड टेकतं. तिथून वर खुब्याकडे आणि मागे काष्ट्याकडे तीन-चार ताणाच्या चुण्या जातील. भार घेतलेल्या उजव्या पायावर कापड जवळजवळ सरळ पडेल. दोन्ही पायांवर सारख्या चुण्या काढल्या की भार कोणत्या पायावर आहे ते कळेनासं होतं, आणि "ताठ" म्हणतात ते बरेचदा एवढ्यावरूनच. चुण्या मनाने काढू नका. तुळशीबागेतून साधा कमरपट्टा आणा, ओळखीतल्या कुणाला तरी नऊवारी नेसवून त्याच पवित्र्यात उभं करा आणि छातीच्या उंचीवरून फोटो काढा. नेसवलेली हवी बरं का. शिवलेली तयार नऊवारी इलॅस्टिकवर बसते, तिच्या निऱ्या टाके घालून पक्क्या केलेल्या असतात, त्यामुळे ताण खोटे येतात.

चार-आईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी यांवर पट्ट्यांनी बांधायचे चार धातूचे पत्रे. कुशीच्या पत्र्यांना बगलेसाठी वरून खाच असते. पत्रा वाकत नाही, आणि गंमत तिथेच आहे. छातीचा पत्रा बरगड्यांबरोबर हलतो, म्हणून तो खांद्यांच्या रेषेशी जुळला पाहिजे, खुब्यांच्या नाही. त्याची खालची कड बरगड्या संपतात तिथेच थांबवा. तिच्याखाली आणि कमरपट्ट्याच्या वर मऊ कापडाचा पट्टा दिसू द्या, उजवीकडे अरुंद आणि डावीकडे रुंद. हा असमान पट्टा म्हणजेच तिचा बाक. पत्रा कमरेपर्यंत ओढलात तर वरचं आणि खालचं धड एकच डबा होतो. शिवाय आवळलेल्या कुशीत धातू वाकलेला दाखवावा लागतो, आणि ते कुणालाही पटत नाही.

खांद्यावर काही हवं असेल तर एकाच, डाव्या खांद्यावर घ्या. तो आधीच उंच आहे, त्यामुळे तिथलं वजन तिरपेपणा वाढवतं. हीच वस्तू उजव्या, उतरत्या खांद्यावर ठेवली की वरची रेषा सपाट होते आणि पवित्रा मरतो. एकाच वस्तूची बाजू बदलून एवढा फरक पडतो हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. डावा-उजवा असे दोन थर करा आणि आलटून पालटून चालू-बंद करून बघा.

हातांचं मात्र जपून. दंडपट्टा द्यायचा मोह होईल. पण त्यात कोपराखालचा हात धातूच्या नळीत जातो आणि आतली आडवी मूठ धरली जाते. तिच्या हातात काठी आहे, बोटं काठीभोवती वळलेली आहेत, तेव्हा दंडपट्टा दिला की हात नव्याने काढावा लागेल. त्यापेक्षा दस्ताना, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचं हातकवच, बोटं मोकळी ठेवतो. तसाच मोह नथीचा आणि चंद्रकोरीचा. दोन्ही चेहऱ्याच्या बेटावर येतात. नथ ओठांची रेषा अडवते, चंद्रकोर भुवयांच्या मधली जागा बदलते. मूळ पात्राला नसतील तर या पोशाखातही नकोत. हौस कानातल्या बुगडीवर भागवा, तीही मूळ कान झाकणार नाही अशी.

सायफाय पोशाखात पहिला प्रश्न असा विचारा: हा सूट हवा भरलेला आहे का? खऱ्या अंतराळचालीच्या सूटमध्ये हवेचा दाब असतो. नासाच्या शटलकाळापासूनच्या सूटमध्ये तो सुमारे ४.३ पीएसआय, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी आहे. एवढ्या दाबानेही सूट फुग्यासारखा ताठरतो, सांधे वाकवायला जोर लागतो आणि हात अंगाशी आणणं अवघड होतं. अशा सूटमध्ये कमरेवर हात ठेवून सहज उभं राहणं जमत नाही. म्हणजे जाड फुगीर सूट निवडलात की पवित्राच खोटा ठरतो, तुम्ही कितीही छान रंगवा. म्हणून यानाच्या आत वापरायचा, दाब नसलेला, अंगासरशी सूट आणि त्यावर कडक तुकडे, ही निवड करा. तुकड्यांचा नियम चार-आईन्याचाच आहे: बरगड्यांवर एक, खुब्यांवर एक, मधे लवचीक घडीदार पट्टा, उजवीकडे घड्या दाटलेल्या आणि डावीकडे उघडलेल्या.

हेल्मेट बसवायची गळ्याची कडी हा सायफायचा हमखास अलंकार. ती मानेच्या बुडाशी, हंसळीच्या हाडांवर टेकू द्या आणि खांद्यांच्या रेषेइतकीच तिरपी ठेवा. कडी आडवी सरळ काढली की डोकं बरणीच्या झाकणासारखं वर ठेवल्यागत दिसतं. आतलं अस्तर गडद, हे वर सांगितलंच.

चमकणाऱ्या पट्ट्यांनी बरीच चित्रं बिघडतात. छातीवर निळी पट्टी पेटलेली असेल तर तिचा उजेड हनुवटीखाली आणि गालावर पडायलाच हवा. चेहरा कुलपात असल्यामुळे तो पडत नाही, आणि मग चेहरा दुसऱ्या चित्रातून कापून आणल्यासारखा दिसतो. "ही ती वाटत नाही" यामागे हेही असू शकतं. चमक हनुवटीपासून निदान दीड डोकं, म्हणजे चारशे पिक्सेल लांब ठेवा: मांडीची बाहेरची बाजू, मनगट, काठीचं टोक. गळ्याजवळ प्रकाश हवाच असेल तर मान आणि जबड्याच्या खालच्या पृष्ठभागापुरता एक वेगळा थर करा, त्याची `Opacity` १० ते १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि तो गाल, नाक, डोळे यांवर चढू देऊ नका. मग `Difference` मध्ये फक्त जबड्याखाली मंद झाक दिसेल. एवढाच अपवाद चालतो.

बूट. तिची उंची १७० सेंटिमीटर धरली तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेअकरा पिक्सेल. चार सेंटिमीटरचा जाड चुंबकी तळ काढलात तर ते ४६ पिक्सेल खाली जातात. चित्रात तुम्ही जमीन खाली सरकवाल, पण खेळात दोन्ही पोशाख एकाच सांगाड्यावर बसणार असतील तर पावलांची हाडं तिथेच राहतात आणि तळ जमिनीत रुततो. म्हणून जाडी खाली न देता पायाच्या वर आणि बाजूंना द्या. तळाला एक सेंटिमीटर पुरे. उंच टाच तर नकोच, कारण ती पावलाचा कोन बदलते, त्याबरोबर घोटा आणि गुडघा बदलतो, आणि तुम्ही नकळत नवा पवित्रा काढता.

पाठीवरच्या संचाबद्दल एवढंच सांगतो की जड दिसणारं ओझं घेतलेला माणूस पुढे झुकतो. ती झुकलेली नाही, म्हणून संच पातळ, पाठीला चिकटलेला आणि खांद्यांच्या खाली ठेवा. काठीच्या जागी एखादं यंत्र देणार असाल तर मुठीपाशी काठीचीच जाडी ठेवा. जाडी वाढली की बोटं त्याच वळणात बसत नाहीत. यंत्र मुठीच्या वर आणि खाली हवं तेवढं फुगू द्या.

चित्र थ्रीडी रेंडर असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. नवा पोशाख त्याच कॅमेऱ्यातून, त्याच फोकल लांबीने आणि त्याच अंतरावरून रेंडर करा. पोशाख मावत नाही म्हणून कॅमेरा जवळ आणून लेन्स रुंद केलीत तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मावत नसेल तर कॅनव्हास वाढवा. दुसरं, ब्लेंडरमध्ये ४.० पासून नव्या फाइलचा `View Transform` हा `AgX` असतो, आधी `Filmic` असायचा. जुन्या फाइलमधला चेहरा आणि नव्या फाइलमधला पोशाख एकत्र आणलात तर प्रकाश तोच असूनही त्वचेचा रंग जुळत नाही. `Render Properties` मधल्या `Color Management` मध्ये दोन्हीकडे एकच ठेवा. चेहऱ्याचं बेट हाताने कापायचीही गरज नाही. `Cryptomatte` पास चालू केलात तर डोकं आणि केस यांचा मास्क थेट मिळतो.

दोन्ही पोशाख झाले की मूळ चित्र आणि नवं चित्र एकावर एक ठेवून १२८ पिक्सेल उंचीला लहान करा आणि वरचा थर भराभर चालू-बंद करा. डोकं धडधडल्यासारखं लहान-मोठं वाटलं तर खांदे किंवा चेहऱ्याशेजारचा उजेड तपासा. कंबर डावी-उजवीकडे उडी मारताना दिसली तर पट्ट्याचा तिरपेपणा चुकलाय. काहीच हललं नाही आणि फक्त कपडे बदलले, तर जोडीदारांना दाखवा. दाखवताना मूळ चित्र शेजारी ठेवू नका. आधी नुसतं नवं चित्र दाखवून "ही कोण?" एवढंच विचारा. ते तिचं नाव किती पटकन घेतात ते बघा, आणि अडखळले तर कुठे बघून अडखळले तेही.